'शेंगा चटणी'ला 'सोलापुरी' जोडताना: ब्रशच्या अक्षरांत एक नवा शब्द कसा मिसळावा

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी आमच्या पेठेतल्या एका काकूंना त्यांच्या स्टॉलचा फलक लिहून दिला होता. हँडमेड कागदावर काळ्या शाईत, गोल ब्रशने दोनच शब्द: शेंगा चटणी. मे महिन्यात काकू म्हणाल्या, "अरे, आता पाकिटं पुण्याला जायला लागलीत. त्याच अक्षरांत वर 'सोलापुरी' घालून दे की. पण ते मागनं चिकटवल्यासारखं दिसू नये बघ."

ब्रशने लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्यांकडे अशी कामं फार लवकर येतात, आणि बहुतेक जण ती उलट्या टोकाने धरतात. नवा शब्द आधी सुंदर लिहायला जातात आणि मग तो जुन्याशी जुळवत बसतात. मी सांगतो ती रीत वेगळी आहे: नव्या शब्दाचे जेवढे तुकडे जुन्या शब्दांत आधीच आहेत तेवढे शोधायचे, त्यांची मापं घ्यायची, जुनाच शब्द पुन्हा लिहून हात त्या दाबावर आणायचा, आणि त्याच हाताने नवा शब्द लिहून काढायचा. याच कामावर पूर्ण रीत दाखवतो.

आधी ब्रश कोणता होता ते ओळखा

चपट्या ब्रशने लिहिलं असेल तर जाडी दाबाने ठरत नाही, ब्रश धरण्याच्या कोनाने ठरते. रेषेची टोकं तिरकी, कापल्यासारखी दिसतात आणि एका दिशेच्या सगळ्या रेषा सारख्याच जाड असतात. तिथे तोच रुंदीचा ब्रश आणि तोच कोन सापडला की अर्धं काम झालं.

गोल ब्रशच्या रेषेचं तसं नसतं. ती चालता चालता जाड-बारीक होते, टोकं गोलसर किंवा निमुळती असतात. इथे जाडी दाबावर ठरते, पण एकट्या दाबावर नाही. हाताचा वेग, ब्रशमधली शाई आणि कागदाची ओढ या तिन्हींचा त्यात वाटा असतो. ब्रशपेनने लिहिलेलं असेल तरी गणित हेच, फक्त शाईचा पुरवठा सारखा राहतो. या लेखात पुढे जे आहे ते गोल ब्रशबद्दल.

जुन्या अक्षरांची मापं

'शेंगा चटणी'त उभे काने सहा आहेत: श चा, ग चा, त्यापुढचा आकाराचा, च चा, ण चा आणि वेलांटीचा. मिलिमीटरच्या पट्टीने हे सहाही, मध्यावर, मोजा. माझ्या कागदावर ते साडेसहा ते साडेसात मिलिमीटरच्या दरम्यान होते. हाताने लिहिलेल्यात असा फरक असणारच, म्हणून एक आकडा न धरता हा पट्टाच धरा. नवे काने या पट्ट्यात बसले की पुरे. सगळे बरोब्बर सात आले तर उलट ते छापल्यासारखे दिसतील.

मग शिरोरेषा मोजा. ती बहुधा कान्यापेक्षा बारीक असते. इथे पाच मिलिमीटर. सगळ्यात बारीक जागा शे च्या मात्रेचं टोक, दोन मिलिमीटर. शिरोरेषेपासून खालच्या ओळीपर्यंत उंची बेचाळीस. म्हणजे कान्याची जाडी उंचीच्या साधारण सहाव्या हिश्श्याची. सात, पाच, दोन आणि बेचाळीस एवढे चार आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता एक छोटं साधन करा. जाड पुठ्ठ्याच्या कडेला सात, पाच आणि दोन मिलिमीटर रुंदीच्या तीन खाचा कापा. सरावाच्या रेषेवर खाच ठेवली की रेषा तिच्यात बसते की नाही ते लगेच कळतं. दरवेळी पट्टी लावून आकडा वाचण्यापेक्षा हे फार वेगाने होतं आणि हाताची लय मोडत नाही.

मापांइतकंच रेषेचं टोक महत्त्वाचं. मोबाइलवर जवळून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. कान्याचा माथा गोल आणि थोडा फुगलेला असेल तर ब्रश आधी कागदावर टेकला, क्षणभर थांबला आणि मग खाली निघाला. माथा निमुळता असेल तर ब्रश हवेतून चालतच उतरला. खालच्या टोकाचंही तसंच बघायचं: बोथट असेल तर थांबून उचलला, शेपटीसारखं असेल तर चालता चालता उचलला. रेषेत पांढऱ्या कोरड्या चिरा दिसल्या तर त्या कुठून सुरू होतात ते पाहा. आमच्या फलकात त्या कान्याच्या खालच्या चतुर्थांशात होत्या, म्हणजे एका बुडवणीत ब्रश तिथवर ओला राहत होता. ही खूण पुढे फार उपयोगी पडते.

नव्या शब्दाचे तुकडे

सोलापुरी. ट्रेसिंग पेपर घेऊन जुन्या अक्षरांतून काय काय उचलता येतं ते बघू.

'सो' मध्ये दोन काने शेजारी-शेजारी येतात, स चा आणि ओकाराचा. अशी जोडी जुन्या शब्दात 'गा' मध्ये आहे. तिथल्या दोन कान्यांमधलं अंतर जसंच्या तसं घ्या, हे या कामातलं सगळ्यात मोलाचं माप आहे. स च्या डाव्या अंगाला कान्याशी जोडणारी आडवी दांडी च च्या आडव्या दांडीवरून घ्यायची, जाडीही आणि उंचीही. ओकाराची मात्रा शे च्या मात्रेवरून.

'ला'साठी थेट उचलण्यासारखं फारसं नाही. पण जुना श देठाचा, म्हणजे मराठी वळणाचा असेल, तर ल पाकळीचाच हवा. कान्याचा, हिंदी वळणाचा ल तिथे घातला तर जाडी कितीही जुळली तरी शब्द परका वाटतो. मराठी लेखनात हीच दोन वळणं ग्राह्य आहेत आणि राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच धरली आहेत. पाकळीच्या ल ला पूर्ण काना नसतो, त्यामुळे त्याची जाडी कशाशी ताडायची हा प्रश्न पडतो. ट च्या गोलाईशी ताडा. ट च्या पोटात रेषा जिथे सगळ्यात भरलेली आहे तेवढीच पाकळीची सगळ्यात भरलेली जागा.

'पु'मधला प ण वरून मिळतो. ण चा डावा पेला, म्हणजे शिरोरेषेतून उतरून खाली वळून वर जाणारा भाग, हाच कान्याला टेकवला की प झाला. उकार मात्र जुन्या दोन शब्दांत कुठेच नाही; तिथे ओळीच्या खाली काहीच उतरत नाही. त्याचं वळण ट च्या गोलाईचं, पण लहान.

'री'ची वेलांटी णी वरून. र अरुंद आहे, त्यामुळे वेलांटीची कमान लहान होईल. तिची जाडी मात्र कमी करायची नाही. आणि र चं डावं अंग म्हणजे स चंच डावं अंग. जुन्या शब्दांत ते नाही, पण नव्या शब्दात ते दोनदा येतं, सुरुवातीला आणि शेवटी. ही दोन जागा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर डोळा लगेच पकडतो. म्हणून सराव करताना स आणि र लागोपाठ लिहा.

शब्द कुठे बसतो

जाडीचा विचार जागेशिवाय करता येत नाही. काकूंना शब्द वरच्या ओळीत हवा होता. वरच्या शब्दाचा उकार खाली उतरणार आणि खालच्या शब्दांच्या मात्रा-वेलांट्या वर जाणार, तेव्हा दोघांची टक्कर कुठे होते ते आधी बघा. 'सोलापुरी' मधोमध बसवला तर पु चा उकार च आणि ट यांच्या डोक्यावर येतो, आणि त्या दोघांवर काहीच नाही. नशिबाने जागा मोकळी मिळाली. डावीकडे मात्र शें ची मात्रा आणि अनुस्वार आहेत. वरची ओळ किती खाली आणता येईल ते त्या अनुस्वाराच्या टिंबाने ठरतं.

शब्द लहान आकारात हवा असेल तर एक सावधानता. उंची बेचाळीसऐवजी अठ्ठावीस केली, तर सहाव्या हिश्श्याने काना पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास येतो. तो पाचच्या जवळ ठेवा, कारण लहान अक्षर तेवढ्याच प्रमाणात लिहिलं तरी जरा किरटं दिसतं. आणि ही जाडी मोठ्याच ब्रशवर दाब कमी करून आणू नका. दाब कमी केला की ब्रशचं नुसतं टोक चालतं, रेषेच्या कडा थरथरतात, कोरड्या चिराही वेगळ्या येतात. लहान अक्षराला लहान ब्रश घ्या आणि दाब जुनाच ठेवा. आम्ही आकार तोच ठेवला होता, म्हणून ब्रशही तोच चालला.

ब्रश, शाई आणि मे महिना

जुना ब्रश हाताशी नसेल तर नंबर बघून विकत घेऊ नका, कंपनीगणिक तो बदलतो. दुकानातच ओला करून दाबून बघा. सात मिलिमीटरची रेषा अर्ध्या-पाऊण दाबात आली पाहिजे. त्यासाठी ब्रश पार पत्र्याच्या टोपणापर्यंत दाबावा लागत असेल तर तो लहान आहे, केस फाकतील आणि कडेला दुहेरी रेषा दिसेल. नुसता टेकवला तरी सात येत असेल तर तो मोठा आहे, दोन मिलिमीटरचं मात्रेचं टोक त्यातून कधीच सुबक येणार नाही.

कागद त्याच गठ्ठ्यातला असावा. नसेल तर निदान त्याच जातीचा आणि त्याच बाजूचा, कारण हँडमेड कागदाची एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत असते. शाईही तीच बाटली. काळ्यातही तांबूस काळा, निळसर काळा असा फरक असतो, आणि तो ओल्या शाईत कळत नाही. एक ठिपका देऊन पूर्ण वाळू द्या आणि उन्हात जुन्या अक्षराशेजारी धरून बघा.

इथे सोलापूरच्या हवेचा मुद्दा येतो. जुनी अक्षरं जानेवारीच्या गारव्यात लिहिलेली. मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. तोच ब्रश, तीच शाई, तोच दाब, तरी आता कोरड्या चिरा कान्याच्या मध्यावरच दिसायला लागतात. नवखा माणूस याला दाब कमी पडला समजतो आणि जोर वाढवतो. मग काना आठ-साडेआठचा होतो आणि चिरा तशाच राहतात. उपाय दाबाचा नाही. पंखा बंद करा, सकाळी लवकर बसा, वाटीतल्या शाईत पाण्याचे एक-दोन थेंब घाला आणि वाटी झाकून ठेवा. चिरा पुन्हा खालच्या चतुर्थांशात आल्या की शाई जानेवारीसारखी वागायला लागली असं समजा. पाणी जास्त झालं तर रेषेची कड कागदात पसरते आणि काळेपणा राखाडीकडे झुकतो, तेव्हा थांबायचं.

हात जुळवणं

पहिल्यांदा नुसते काने लिहा. बेचाळीस मिलिमीटर उंचीच्या दोन आडव्या पेन्सिलरेषा आखा आणि त्यांच्यामध्ये एकामागून एक काने उतरवा. प्रत्येकावर सातची खाच ठेवून बघा.

काना जाड येत असेल तर कारण दोनांपैकी एक असतं, आणि ते कडेवरून ओळखता येतं. कड स्वच्छ असेल तर दाब जास्त आहे. कड केसाळ, शाई पसरल्यासारखी असेल तर हात हळू चालला आहे आणि कागदाने शाई ओढून घेतली आहे. तेव्हा दाब तसाच ठेवून वेग वाढवा. बारीक येत असेल तर हेच उलट: स्वच्छ आणि बारीक म्हणजे दाब कमी, चिरांनी भरलेली आणि बारीक म्हणजे वेग जास्त किंवा ब्रश कोरडा. वेग धरायला मनात मोजणं बरं पडतं. मी कान्याला 'एक-दोन' एवढा वेळ देतो.

काने पट्ट्यात बसायला लागले की नव्या शब्दाकडे जाऊ नका. 'शेंगा चटणी' पुन्हा लिहा. जुन्या अक्षरांचं ट्रेसिंग त्याच्यावर ठेवून पाहा. रेषान्‌रेष जुळायची गरज नाही. जाड जागा जाड आणि बारीक जागा बारीक आली पाहिजे, टोकं तशीच आली पाहिजेत. इथे जे चुकतं तेच नव्या शब्दात चुकणार असतं, आणि इथे ते दिसतं, कारण ताडायला मूळ समोर आहे. नव्या शब्दात ताडायला काही नसतं.

हे जमलं की उठायचं नाही, चहा नाही, फोन नाही. त्याच कागदावर, त्याच ओळीत, पुढे 'सोलापुरी' लिहायचा: शेंगा चटणी सोलापुरी, शेंगा चटणी सोलापुरी. प्रत्येक वेळी जुने शब्द आधी, कारण हाताला दाब त्यांच्याकडूनच मिळतो. ब्रश बुडवायचा क्रमही जुनाच ठेवा. जुन्यात एका बुडवणीत एक अक्षर आणि त्याचा काना झाला असेल तर नव्यातही तसंच. शिरोरेषा शेवटी, एका दमात, डावीकडून उजवीकडे.

एक मोह टाळा. पेन्सिलने अक्षराची बाह्यरेषा काढून आत शाई भरली तर माप तंतोतंत जुळेल, असं वाटतं. रेखाटून केलेली अक्षरं हा स्वतंत्र आणि मोठा प्रांत आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं त्याच प्रांतातली. पण ब्रशच्या एका ओढीत आलेल्या अक्षरांशेजारी भरलेलं अक्षर ठेवलं की त्याची कड मेलेली दिसते, कारण चिरा आणि टोकांचा उतार भरून येत नाहीत. पेन्सिल फक्त वरच्या-खालच्या ओळींसाठी आणि कान्यांच्या जागांच्या बारीक खुणांसाठी.

मापं जुळली तरी शब्द जड दिसतो तेव्हा

हे हमखास होतं. खाचेत सगळे काने बसतात, पण दोन हात लांबून पाहिलं की 'सोलापुरी' जुन्या शब्दांपेक्षा काळाकुट्ट वाटतो. कागद उलटा करा, म्हणजे डोळा शब्द वाचणं सोडून नुसता काळा-पांढरा बघतो. किंवा फोटो काढून तिकिटाएवढा लहान करा. काळा डाग कुठे दिसतो? बहुतेक वेळा 'सो'च्या दोन कान्यांमध्ये किंवा प च्या पेल्यात. म्हणजे रेषा जाड नाही, तिच्यामधली पांढरी जागा कमी आहे. तिथे काना बारीक करून उपयोग नाही, मग तो एकटाच किरटा दिसतो. 'गा'वरून घेतलेलं अंतर पुन्हा तपासा आणि 'सो' थोडा मोकळा करा, पेला थोडा रुंद. ल आणि त्यापुढचा काना यांच्यात मात्र उलटं होतं: ल ला पूर्ण काना नसल्याने त्याच्या आसपास पांढरं जास्त दिसतं, तेव्हा त्याचा आकार जरा जवळ ओढा.

जोडणी

नवा शब्द मूळ कागदावर लिहायचा नाही. एका फटक्यात सगळं जाऊ शकतं. वेगळ्या कागदावर लिहिलेल्यांतला सगळ्यात चांगला निवडा आणि दोन्ही कागद एकाच बैठकीत, एकाच स्कॅनरवर, 600 डीपीआयला स्कॅन करा. आपोआप उजळ करण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर स्कॅनर दोन कागदांना वेगवेगळं काळं करतो. संगणकावर नवा शब्द वेगळ्या लेयरवर ठेवून मोड Multiply करा, म्हणजे कागदाचा पांढरा भाग नाहीसा होतो आणि शब्द वर-खाली सरकवता येतो. शिरोरेषा आडवी जुळते का ते गाइडलाइन लावून बघा.

शब्द किंचित लहान-मोठा करायची वेळ आली तर शंभराला चार-पाचपर्यंत चालतं. त्यापुढे काने पट्ट्याबाहेर जातात, आणि मग परत लिहिणं हाच मार्ग. रेषेला बाहेरून जाडी देणारी सोय वापरू नका. ती काना आणि मात्रेचं टोक दोन्हींना सारखीच जाडी चढवते, म्हणजे दोनचं टोक तीनचं होतं आणि सातचा काना आठचा, प्रमाण बिघडतं. व्हेक्टर करायचं असेल तर तिन्ही शब्द एकत्र करा. वेगवेगळे केले तर एकाच्या चिरा राहतात आणि दुसऱ्याच्या पुसल्या जातात.

फलकावर किंवा भिंतीवरच थेट लिहायचं असेल तर आधी पारदर्शक प्लास्टिकवर शब्द लिहून तो जागेवर धरून बघा आणि मग लिहा. पण जुना कागद पिवळा पडला असेल, शाई उडाली असेल, तर जुळवाजुळव सोडून द्या आणि तिन्ही शब्द नव्याने लिहा. जुन्या काळ्याशेजारी ताजा काळा कोणत्याही दाबाने जुळत नाही, आणि नव्याने लिहायला आता वेळही लागणार नाही, सराव तर झालेलाच आहे.

काकूंच्या पाकिटावर अक्षराची उंची दहा मिलिमीटर ठरली, म्हणजे सगळं चौथ्या हिश्श्याहून थोडं लहान. दोनचं मात्रेचं टोक तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं, ते छपाईत टिकतं. कोरड्या चिरांचा भरवसा नाही, बारीक चिरा शाईने भरून जातात. जुन्या शब्दातल्या भरल्या आणि नव्यातल्या राहिल्या असं होऊ नये म्हणून छापण्याआधी खऱ्या मापाचा एक नमुना त्याच पाकिटाच्या कागदावर काढून घ्या.